सूज एकच, बिघाड दोन

पॅथॉलॉजीच्या पेपरात एक प्रश्न फिरून फिरून येतो. डोळ्यांभोवती सूज आलेलं मूल, त्याच्या लघवीचा रिपोर्ट, रक्ताच्या तपासणीतले चार आकडे. आणि शेवटी विचारलेलं असतं, किडनीची बायोप्सी केली तर सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसेल? एमबीबीएसचे विद्यार्थी यासाठी दोन रकान्यांचा तक्ता पाठ करतात. एका रकान्यात नेफ्रोटिक, दुसऱ्यात नेफ्रायटिक. परीक्षा संपली की रकाने एकमेकांत मिसळतात. खरं तर किडनीतली चाळणी नेमक्या कुठल्या बाजूने बिघडली एवढं कळलं, तर लघवीत काय येणार, सूज कशी येणार आणि बायोप्सीत काय दिसणार हे सगळं त्यातूनच उलगडतं. घरात असं सुजलेलं मूल असलेल्या आईवडिलांनाही हा उलगडा उपयोगी पडतो. म्हणून प्रश्नात येतात तशी दोन मुलं घेऊ आणि त्यांच्या तपासण्या एकेक करून वाचू.

पहिला चार वर्षांचा मुलगा. सकाळी उठला की पापण्या सुजलेल्या, संध्याकाळपर्यंत ओसरायच्या. ॲलर्जी समजून आठवडाभर गोळ्या दिल्या. मग पायावर सूज आली, पोट फुगलं, वृषणाची पिशवी सुजली, चौदा किलोचं वजन सोळावर गेलं. लघवीचा रंग नेहमीसारखाच, पण भांड्यात फेस होतो आणि तो लवकर बसत नाही. रक्तदाब त्याच्या वयाला योग्य, ९४/५८. लघवीत प्रथिनं ४+, लाल पेशी जवळपास नाहीत. रक्तात अल्ब्युमिन १.६ ग्रॅम, कोलेस्टेरॉल ४१२, क्रिएटिनिन ०.४.

दुसरी आठ वर्षांची मुलगी. महिन्याभरापूर्वी पायाला खरूज झाली होती, खाजवून पुळ्या पिकल्या होत्या आणि नंतर सुकल्याही. दोन दिवसांपासून लघवी कोऱ्या चहासारखी आणि थोडीच होते. चेहरा किंचित सुजलेला, डोकं दुखतंय. रक्तदाब १४६/९८. लघवीत प्रथिनं २+, लाल पेशी भरपूर. अल्ब्युमिन ३.४, क्रिएटिनिन १.३, म्हणजे या वयाला बरंच जास्त. रक्तातलं सी३ नावाचं प्रथिन फक्त २८; ते साधारण ९० च्या वर असायला हवं.

दोघांचेही डोळे सुजलेत, दोघांच्याही लघवीत प्रथिनं आहेत. तरी आजार वेगळे, उपचार वेगळे आणि धोकेही वेगळे.

माणसाच्या एकेका किडनीत साधारण दहा लाख ग्लोमेरुलस असतात. ग्लोमेरुलस म्हणजे केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, आणि रक्त गाळायचं काम इथे होतं. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव या चाळण्यांतून गाळला जातो. त्यातला बहुतेक पुढच्या नळ्यांमध्ये परत शोषला जातो आणि लघवी म्हणून दीड-दोन लिटर बाहेर पडतो. रक्तातल्या लिटरभर द्रवात साधारण ४० ग्रॅम अल्ब्युमिन असतं. चाळणी अडवत नसती, तर १८० लिटरबरोबर रोज सात किलो अल्ब्युमिन पलीकडे गेलं असतं. प्रत्यक्षात निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत सगळी प्रथिनं मिळून १५० मिलिग्रॅमच्याही आत असतात.

ही चाळणी तीन थरांची आहे. रक्ताच्या बाजूला रक्तवाहिनीचं भोकाभोकांचं अस्तर. मधे कोलॅजनचा एक पातळ पडदा. आणि लघवीच्या बाजूला पोडोसाइट नावाच्या पेशी. त्यांना पायांसारख्या असंख्य शाखा असतात आणि शेजारच्या दोन पेशींचे पाय एकमेकांत गुंतून पडद्याला बाहेरून धरून असतात. पायांच्या मधल्या फटींवर नेफ्रिनसारख्या प्रथिनांची जाळी विणलेली असते. अल्ब्युमिनला शेवटचा अटकाव इथे होतो. प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी मात्र रक्तातून येतात. त्या आतल्या अस्तरापर्यंत सहज पोचतात. पडद्याच्या पलीकडे, पोडोसाइटच्या बाजूला काय चाललंय याचा त्यांना थेट पत्ता नसतो. हा एवढा भूगोल लक्षात ठेवायचा.

चार वर्षांच्या मुलाचा बिघाड बाहेरच्या बाजूला आहे. पोडोसाइटचे पाय सपाट होऊन पडद्यावर पसरलेत आणि मधल्या जाळीची वीण गेली आहे. त्यामुळे अल्ब्युमिन सरळ लघवीत उतरतं. रक्तवाहिनीला मात्र जखम नाही, पांढऱ्या पेशींची गर्दी नाही, म्हणून लाल पेशी आपल्या जागी राहतात. पाणी आणि टाकाऊ पदार्थ गाळायचं कामही बिघडलेलं नाही, म्हणून क्रिएटिनिन साधारण आहे. मोठ्यांमध्ये दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर प्रथिनं गेली, रक्तातलं अल्ब्युमिन घटलं आणि सूज आली की नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. लहान मुलाची चोवीस तासांची लघवी गोळा करणं अवघड, म्हणून सकाळच्या एकाच नमुन्यात प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढतात. मोठ्या मुलांत ते ०.२ च्या आत असायला हवं. २ किंवा अधिक आलं तर नेफ्रोटिक. कोलेस्टेरॉल वाढण्याचं कारणही अल्ब्युमिनच्या गळतीत आहे. तूट भरून काढायला यकृत जोराने कामाला लागतं आणि अल्ब्युमिनबरोबर चरबी वाहणारी प्रथिनंही जास्त बनवतं.

मुलीचा बिघाड आतल्या बाजूचा आहे. पुळ्यांमधल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंविरुद्ध शरीराने प्रतिपिंडं तयार केली. ती जंतूच्या अंशांबरोबर ग्लोमेरुलसमध्ये जाऊन बसली, सी३ खर्ची पडून दाह पेटला आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून आल्या. त्यांच्या झटापटीत चाळणीला चिरा पडल्या आणि लाल पेशी पलीकडे गेल्या. सुजलेल्या, पेशींनी गच्च भरलेल्या ग्लोमेरुलसमधून रक्त नीट वाहत नाही, म्हणून गाळणं कमी झालं, लघवी घटली, क्रिएटिनिन चढलं. प्रथिनंही जातात, पण बहुधा नेफ्रोटिकच्या मर्यादेच्या खाली. दाहाचं हे सगळं चित्र म्हणजे नेफ्रायटिक सिंड्रोम.

सूज दोघांना आली, पण ती सारखी नाही. मुलाच्या रक्तात पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन कमी पडलं, त्यात किडनीही मीठ अडवून ठेवू लागली. पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपलं आणि जिथे ऊती सैल तिथे, म्हणजे पापण्या, पोट, वृषण इथे साठलं. म्हणून सूज भरपूर आणि रक्तदाब साधारण. अंगभर पाणी असूनही अशा मुलाच्या रक्तवाहिन्यांत द्रव कमी असू शकतो. सूज दिसली म्हणून घाईने लघवी वाढवणारी जोरदार औषधं दिली, तर रक्त आणखी घट्ट होतं आणि शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, कारण गुठळी रोखणारी काही प्रथिनंही लघवीवाटे निघून गेलेली असतात. मुलीचं उलट आहे. गाळणं घटल्यामुळे मीठ आणि पाणी रक्तवाहिन्यांतच साठलंय. म्हणून सूज थोडी आणि रक्तदाब चढलेला. तिला खरी भीती या रक्तदाबाची आहे: झटके येऊ शकतात, फुप्फुसात पाणी भरू शकतं. इथे लघवी वाढवणारं औषध आणि मीठ-पाण्यावर मर्यादा हाच पहिला उपचार.

आता लघवी जवळून पाहू, कारण निम्मं निदान तिथेच होतं. प्रथिन ओळखायची जुनी पद्धत अजूनही उपयोगी आहे. परीक्षानळीत लघवी घ्यायची, नळी तिरपी धरून फक्त वरचा भाग तापवायचा. वरचा भाग गढूळ झाला आणि खालचा नितळ राहिला की फरक लगेच दिसतो. मग ॲसेटिक आम्लाचे काही थेंब टाकायचे. गढूळपणा नाहीसा झाला तर ते फॉस्फेट होतं. टिकला तर प्रथिन. नेफ्रोटिक मुलाच्या लघवीचा वरचा भाग दह्यासारखा साकळतो.

रक्ताची परीक्षा याहून नाजूक आहे. पट्टीवर रक्त दिसलं म्हणजे ते चाळणीतूनच आलं असं नाही. मूतखडा असला किंवा मूत्राशयाला सूज असली तरी पट्टी रंग बदलते. म्हणून ताजी लघवी यंत्रात फिरवून तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. खड्यामुळे आलेल्या लाल पेशी गोल, गुळगुळीत, एकसारख्या दिसतात. चाळणीतल्या चिरेतून पिळून निघालेल्या पेशी वाकड्यातिकड्या असतात. काहींना बाहेर फुगवटे आलेले असतात. आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे लाल पेशींचा कास्ट: किडनीच्या नळीत तयार होणाऱ्या प्रथिनात लाल पेशी अडकून नळीच्याच आकाराची तांबूस कांडी बनते. मूत्राशयात अशी कांडी बनूच शकत नाही. कांडी दिसली की रक्त किडनीतूनच आलं, आणि बहुतेक वेळा ग्लोमेरुलसमधूनच. अडचण एवढीच की लघवी तासन् तास टेबलावर पडून राहिली तर या कांड्या विरघळतात आणि रिपोर्टमध्ये ‘कास्ट नाहीत’ असं येतं. मुलीची लघवी ताजी तपासली, म्हणून कांड्या सापडल्या.

तिच्या रिपोर्टमध्ये आणखी एक चकवा आहे. स्ट्रेप्टोकोकसचा पुरावा म्हणून एएसओ ही तपासणी केली आणि ती साधारण आली. विद्यार्थी इथे स्ट्रेप्टोकोकसवर फुली मारतात. पण एएसओ घशाच्या संसर्गानंतर वाढतं. त्वचेच्या संसर्गानंतर ते वाढेलच असं नाही. तिथे अँटी-डीएनेज बी बघावं लागतं. वेळेचा हिशोबही महत्त्वाचा. घसा दुखल्यावर लघवी लाल व्हायला एक ते तीन आठवडे जातात, त्वचेच्या पुळ्यांनंतर तीन ते सहा. घसा दुखला आणि एक-दोन दिवसांतच लघवी लाल झाली असेल, तर आजार बहुधा दुसराच, आयजीए नेफ्रोपॅथी. त्यात सी३ सहसा साधारण असतं.

आता बायोप्सी. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, लघवीतलं अल्ब्युमिन आणि शवविच्छेदनात दिसलेली रोगट किडनी यांचा संबंध जोडून दाखवला. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ किडनी बघायची म्हणजे मृत्यूनंतर किंवा शस्त्रक्रिया करूनच. कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी १९५१ मध्ये सुईने जिवंत माणसाच्या किडनीचा तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा चालू आजार डोळ्यांनी बघता येऊ लागला. आज रुग्णाला पालथं झोपवून, पाठीची जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुई घालतात आणि शेवयांसारखे बारीक तुकडे मिळतात. त्यांचे तीन वाटे होतात. एक साध्या सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा प्रतिपिंडं कुठे बसली आहेत ते चमकत्या रंगाने बघण्यासाठी, तिसरा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी.

मुलाची बायोप्सी केली असती तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ग्लोमेरुलस अगदी निरोगी दिसले असते. चमकत्या रंगाच्या तपासणीत अंधार. फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पोडोसाइटचे पाय सपाट झालेले दिसले असते. एवढी गळती आणि दिसतं काहीच नाही, म्हणून आजाराचं नावच ‘मिनिमल चेंज’. गेल्या काही वर्षांत अशा अनेक रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्धच्या प्रतिपिंडांचा माग लागला आहे, म्हणजे जाळीवरचा हल्लेखोर दिसू लागला आहे.

मुलीच्या बायोप्सीत याच्या अगदी उलट चित्र असतं. ग्लोमेरुलस फुगलेले, पेशींनी खच्चून भरलेले, त्यात पांढऱ्या पेशींची गर्दी. चमकत्या रंगात आयजीजी आणि सी३ चे ठिपके विखुरलेले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पडद्याच्या बाहेरच्या अंगाला, पोडोसाइटच्या खाली, उंचवटे दिसतात. इथे चौकस विद्यार्थी अडतो. उंचवटे बाहेरच्या बाजूला असतील तर हा नेफ्रोटिक का नाही? कारण त्याआधी आतल्या बाजूला आणि गुंत्याच्या मध्यभागीही प्रतिपिंडं बसलेली असतात आणि पांढऱ्या पेशींना बोलावण्याचं काम तीच करतात. उंचवटे ही खूण ठळक आहे; दाह मात्र आतून पेटलेला असतो. मोठ्या माणसांतल्या मेंब्रेनस नेफ्रोपॅथीत प्रतिपिंडं केवळ बाहेरच्या बाजूला बसतात, पांढऱ्या पेशींपर्यंत हाक पोचत नाही, आणि म्हणूनच तिथे प्रथिनांची गळती मोठी पण दाह नाही. भूगोलाचा नियम दोन्हीकडे टिकतो.

प्रत्यक्षात या दोन्ही मुलांना आधी बायोप्सी करत नाहीत. एक वर्षाच्या पुढच्या लहान मुलात नेफ्रोटिकचं चित्र असं स्वच्छ असेल, तर मिनिमल चेंजची शक्यता इतकी मोठी की स्टेरॉइड सुरू करून प्रतिसाद बघतात. भारतात रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे प्रेडनिसोलोन वजनाच्या किलोमागे २ मिलिग्रॅम रोज, सहा आठवडे. मग दीड मिलिग्रॅम एक दिवसाआड, आणखी सहा आठवडे. बहुतेक मुलांची लघवी पहिल्या चार आठवड्यांतच स्वच्छ होते. सूज उतरली म्हणून घरच्यांनी गोळ्या मधेच थांबवू नयेत. आजार अनेकदा उलटतो, म्हणून आईवडिलांना रोज सकाळची लघवी घरी तपासून वहीत लिहायला शिकवतात. तीन दिवस सलग ३+ आलं की आजार उलटला असं धरून डॉक्टरांकडे जायचं. मूल सुजलेलं असताना पोट दुखून ताप आला तर मात्र वाट बघायची नाही. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

सहा आठवडे स्टेरॉइड घेऊनही लघवीतली प्रथिनं गेली नाहीत, किंवा सुरुवातीलाच लघवी लाल होती, रक्तदाब चढलेला राहिला, सी३ कमी होतं, तर साध्या चित्रावर भरवसा ठेवता येत नाही आणि बायोप्सी करावी लागते. तिलाही मर्यादा आहे. एफएसजीएस या आजारात सुरुवातीला थोड्याच ग्लोमेरुलसवर वण असतात. समजा दहातला एक बिघडलाय आणि तुकड्यात पाचच ग्लोमेरुलस आले, तर सगळे चांगलेच सापडण्याची शक्यता जवळपास ६० टक्के. वीस आले तर ती १२ टक्क्यांवर येते. म्हणून रिपोर्टमध्ये ‘मिनिमल चेंज’ या शब्दांआधी एकूण किती ग्लोमेरुलस मिळाले तो आकडा वाचायचा असतो.

काही आजार दोन्ही रकान्यांत पाय ठेवतात. ल्युपसमध्ये प्रतिपिंडं आत आणि बाहेर दोन्हीकडे बसू शकतात आणि एकाच रुग्णाच्या लघवीत भरपूर प्रथिनं आणि लाल पेशींचे कास्ट एकत्र मिळतात. अशा वेळी दोहोंतलं एक नाव निवडायची घाई चूक ठरते. बायोप्सीच उपचार ठरवते. आणि नेफ्रायटिक रुग्णाचं क्रिएटिनिन दिवसागणिक चढत असेल तर तातडीने सुई घालावी लागते. ग्लोमेरुलसभोवती चंद्रकोरीसारख्या आकाराच्या पेशींचा थर जमत असतो आणि उपचाराला उशीर झाला तर तिथे कायमचे वण उरतात.

मुलीचा रक्तदाब औषधांनी आटोक्यात आला. आठवड्याभरात लघवी वाढली, क्रिएटिनिन उतरलं. उरलेल्या जंतूंसाठी पेनिसिलिन दिलं जातं, पण पेटलेला दाह त्याने विझत नाही. तो बहुतेक मुलांत आपणहून विझतो. लघवीत सूक्ष्मदर्शकालाच दिसतील इतक्या लाल पेशी पुढे कित्येक महिने राहू शकतात आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. एक तपासणी मात्र चुकवायची नाही. स्ट्रेप्टोकोकसनंतरच्या या आजारात सी३ साधारण सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होतं. तीन महिन्यांनीही ते खालीच असेल तर पहिल्या दिवशी लिहिलेलं उत्तर खोडून, ल्युपस किंवा सी३ चाच एखादा आजार शोधण्यासाठी बायोप्सी करायची. मुलगी शाळेत जायला लागली, लघवी पिवळी झाली, की ही फेरतपासणी बऱ्याच घरांत राहून जाते. डिस्चार्ज कार्डावर तिची तारीख लिहून घ्यावी आणि त्या दिवशी मुलीला घेऊन जावं.